केळीच्या कटाईपासून ईआर आकृतीपर्यंत: वर्णनातली नामं, क्रियापदं आणि अटी कशा वाचायच्या

डेटाबेस आखण्यासाठी एखाद्या धंद्याचं वर्णन हातात पडलं की बहुतेक जण लगेच ईआर आकृतीचे चौकोन काढायला घेतात. ‘शेतकरी’ दिसला, काढा चौकोन. ‘गाव’ दिसलं, काढा चौकोन. थोड्या वेळात कागद भरतो, आणि मग कोणत्या रेघेवर ‘एक’ लिहायचं आणि कोणत्या रेघेवर ‘अनेक’, हे काही केल्या ठरत नाही. रेघा चुकतात त्या वाचन घाईत झालेलं असतं म्हणून. वर्णनाचं एकेक वाक्य सुटं करून पाहिलं, तर आकृतीचा बराचसा भाग त्या वाक्यांतच तयार असतो.

पीटर चेन यांनी 1976 साली एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं आणि 1983 साली वाक्यरचना व आकृती यांचा मेळ घालणारे नियमही दिले. सामान्यनाम दिसलं तर ती बहुधा एंटिटी असते, म्हणजे जिच्या नोंदी ठेवायच्या ती गोष्ट; सकर्मक क्रियापद दिसलं तर रिलेशनशिप, म्हणजे एंटिटींमधला संबंध; आणि विशेषण दिसलं तर ॲट्रिब्यूट, म्हणजे एंटिटीबद्दलची माहिती. आपल्या आकृतीत एंटिटीला चौकोन आणि रिलेशनशिपला रेघ. हे नियम इंग्रजी वाक्यांवरून काढलेले आहेत. मराठी वर्णनाला ते लागू पडतात, पण दोन-तीन ठिकाणी मराठीचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ती ठिकाणं एका उदाहरणातच पाहू.

रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याला कचेरीचा हिशेब संगणकावर घ्यायचा आहे, असं धरू. त्याने दिलेलं वर्णन असं:

> आम्ही या भागातल्या शेतकऱ्यांकडून केळी घेऊन बाहेरच्या व्यापाऱ्यांना पाठवतो. प्रत्येक शेतकऱ्याचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर आमच्याकडे असतो. एका शेतकऱ्याच्या एक किंवा अनेक बागा असतात, पण बाग एकाच शेतकऱ्याची असते. बागेचा गट नंबर, झाडांची संख्या आणि बाग नवती म्हणजे नव्या लागवडीची आहे की पिलबाग म्हणजे जुन्या झाडांच्या पिलांपासून धरलेली, हे लिहून ठेवतो. माल तयार झाला की टोळी पाठवून कटाई करतो. सगळे घड एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून एका बागेत अनेकदा कटाई होते. एका कटाईला एकच टोळी जाते. कटाईचं वजन काट्यावर होतं आणि भाव त्या दिवशीचा लागतो. माल त्याच दिवशी ट्रकमध्ये भरतो. एका ट्रकमध्ये अनेक बागांचा माल असू शकतो, आणि कटाई मोठी असेल तर तिचा माल दोन-तीन ट्रकांत जातो. ट्रक एकाच व्यापाऱ्याकडे जातो. शेतकऱ्याला गरज पडली तर उचल देतो आणि ती पुढच्या पट्टीतून कापून घेतो. प्रत्येक कटाईच्या हिशेबाची एकच पट्टी निघते.

नामं: आधी सगळी टिपा, मग गाळा

पहिल्या वाचनात विचार न करता प्रत्येक नामाखाली रेघ मारायची. शेतकरी, केळी, व्यापारी, नाव, गाव, मोबाइल नंबर, बाग, गट नंबर, झाडं, माल, टोळी, कटाई, घड, वजन, काटा, भाव, दिवस, ट्रक, उचल, पट्टी. वीसेक नामं निघतात, त्यातली जेमतेम सात-आठ एंटिटी म्हणून टिकतील.

गाळणी साधी आहे. या नावाच्या अनेक वेगवेगळ्या गोष्टी आहेत का, त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या आहेत का, आणि प्रत्येकीबद्दल काही लिहून ठेवायचं आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच चौकोन काढायचा.

‘केळी’ इथेच गळते. केळीवर तर सगळा धंदा उभा आहे, त्यामुळे हे ऐकून विद्यार्थी चमकतात. पण कचेरी एकेक केळं किंवा एकेक घड नोंदवत नाही, ती वजन नोंदवते. ‘माल’ हे त्याच केळीचं दुसरं नाव, म्हणून तेही गेलं. ‘घड’ फक्त कारण सांगायला आला आहे. ‘काटा’ गळतो, कारण कोणत्या काट्यावर वजन झालं हे कुणी लिहून ठेवत नाही. उद्या दोन काटे झाले आणि वजनावरून वाद होऊ लागले, तर त्याचा विचार पुन्हा करू. ‘आम्ही’ म्हणजे वर्णन देणारा खुद्द हा केळी व्यापारी, माल घेणारे बाहेरचे व्यापारी नव्हेत. तो एकच आहे, आणि ज्या चौकोनात कायम एकच नोंद राहणार तो चौकोन काढायचाच नाही. परीक्षेच्या उत्तरांत ‘कंपनी’, ‘कॉलेज’, ‘दवाखाना’ असे चौकोन मधोमध बसलेले असतात आणि त्यांच्यातून चारी बाजूंना रेघा निघतात. त्यांतला प्रत्येक चौकोन याच कारणाने फालतू असतो.

आता मराठीतली पहिली अडचण. ‘शेतकऱ्याचं नाव’ आणि ‘शेतकऱ्याची बाग’ या दोन्हींत षष्ठीचा तोच प्रत्यय आहे, पण आकृतीत दोघांची जागा वेगळी. फरक ओळखायला षष्ठी एक पायरी पुढे न्यायची. ‘नावाचं काय?’ असं विचारलं तर पुढे काहीच येत नाही, म्हणून नाव हे शेतकऱ्याचं ॲट्रिब्यूट. ‘बागेचं काय?’ म्हटलं की गट नंबर, झाडांची संख्या, नवती की पिलबाग, अशी रांग लागते. म्हणून बाग ही स्वतंत्र एंटिटी, आणि ‘शेतकऱ्याची’ हा त्या दोघांमधला संबंध.

‘गाव’ या कसोटीवर ॲट्रिब्यूट ठरतं, कारण गावाबद्दल वर्णनात काहीच नाही. पण इथे थोडं थांबायला हवं. गाव शेतकऱ्याचं लिहिलं आहे, बागेचं नाही. शेतकरी राहतो सावद्यात आणि त्याची एक बाग निंभोऱ्याच्या शिवारात, दुसरी चिनावलच्या, असं सर्रास असतं. गट नंबर तर प्रत्येक गावात नव्याने सुरू होतात. 112 नंबरचा गट निंभोऱ्यात असेल आणि चिनावललाही असेल. म्हणजे नुसत्या गट नंबरावरून बाग ओळखता येत नाही, आणि वर्णनात बागेचं गाव दिलेलंच नाही. हे गाळलेलं वाक्य आहे, ते विचारून घ्यावं लागतं. ‘शिवार’ हे ॲट्रिब्यूट बागेत टाकायचं. एका गटात दोन भावांच्या वेगळ्या बागा असू शकतात, म्हणून ओळखीसाठी कचेरीने स्वतःचा बाग क्रमांक द्यायचा, तीच प्रायमरी की.

एक शब्द, दोन गोष्टी

नामांच्या यादीतला सगळ्यात फसवा शब्द ‘ट्रक’. ‘ट्रक एकाच व्यापाऱ्याकडे जातो’ हे वाक्य शब्दशः घेतलं तर MH 19 पासिंगची ती गाडी जन्मभर त्याच एका व्यापाऱ्याची होईल. सोमवारी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा माल घेऊन गेलेली गाडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा माल नेते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलणाऱ्याच्या मनात इथे गाडी नसून तिची एक फेरी आहे. गाडीला नंबर असतो आणि मालक असतो. फेरीला तारीख असते, ड्रायव्हर असतो, माल घेणारा व्यापारी असतो. फेरी हा शब्द वर्णनात कुठेच नाही, तरी चौकोन काढायचा तो तिचा. ट्रकचा चौकोन वेगळा ठेवायचा की गाडी नंबर फेरीतच ॲट्रिब्यूट म्हणून लिहायचा, हे गाडीची आणखी माहिती हवी आहे का यावर ठरेल. इथे वर्णनात तशी गरज दिसत नाही, म्हणून नंबर फेरीतच ठेवू.

असा शब्द पकडायची खूण म्हणजे वेळ. वाक्यातल्या प्रत्येक नामापुढे ‘आज’ आणि मग ‘कायमचं’ लावून बघायचं. वाक्य ‘आज’ला खरं आणि ‘कायमचं’ला खोटं निघालं, तर त्या नामामागे फेरी, भेट, हंगाम अशी काळाला बांधलेली दुसरी एंटिटी लपलेली असते.

हीच कसोटी ‘बाग’ला लावली की तिथेही गाठ सापडते. नवतीची कापणी झाल्यावर त्याच जमिनीवर पिलबाग धरतात. गट नंबर तोच, पण नवती-पिलबाग ही नोंद बदलली आणि झाडांची संख्याही बदलली. जुनी नोंद खोडून नवी लिहिली, तर मागच्या वर्षीच्या कटाया पिलबागेच्या नावावर दिसू लागतील. म्हणून आपल्या आकृतीत बाग म्हणजे जमीन नव्हे, तर त्या जमिनीवरचं त्या खेपेचं पीक. पिलबाग धरली की नवा बाग क्रमांक. हे ठरवल्याने ‘बाग एकाच शेतकऱ्याची असते’ हे वाक्यही पक्कं होतं, कारण जमीन पुढे विकली गेली तरी ते पीक ज्याचं होतं त्याच्याच नावावर राहतं.

प्रत्येक चौकोनाची अशी एका ओळीची व्याख्या लिहून ठेवायची सवय लावून घ्यावी. आकृतीपेक्षा त्या ओळींनी जास्त भांडणं वाचतात.

क्रियापदं: रेघ कधी, चौकोन कधी

आता क्रियापदांखाली रेघ. मराठीत इथे दुसरी अडचण येते. आपण ‘कापतो’ म्हणायच्या ऐवजी ‘कटाई करतो’ म्हणतो, ‘नोंदतो’ऐवजी ‘नोंद करतो’. खरं क्रियापद नामाच्या वेषात असतं आणि ‘करतो’ला स्वतःचा अर्थ उरत नाही. म्हणून ‘करणे’, ‘देणे’, ‘होणे’, ‘लागणे’ यांच्या आधीचं नाम जोडून वाचायचं.

मग प्रत्येक क्रियापदाला विचारायचं: ही क्रिया कोणत्या दोन एंटिटींना जोडते, आणि क्रियेची स्वतःची काही माहिती आहे का? माहिती नसेल तर नुसती रेघ पुरते. ‘शेतकऱ्याच्या बागा असतात’ ही अशी रेघ. ‘लिहून ठेवतो’ ही क्रिया एंटिटींना जोडतच नाही, ती कचेरीचं काम सांगते, म्हणून ती सोडायची.

‘टोळी बागेत कटाई करते’ यात क्रियेला तारीख आहे, वजन आहे, भाव आहे. ही माहिती टोळीची नाही, बागेचीही नाही. शिवाय तीच टोळी त्याच बागेत पुन्हा जाते, त्यामुळे टोळी आणि बाग ही जोडी सांगून नेमकी कोणती कटाई ते कळत नाही. म्हणून कटाई ही रेघ न राहता चौकोन होते. क्रियापदापासून बनलेल्या अशा नामांकडे खास लक्ष द्यावं: कटाई, भराई, खरेदी, वजावट, तपासणी. वर्णन करणारा क्रियेला नाव देऊन बोलतो, तेव्हा बहुधा तिची वही आधीपासूनच वेगळी असते.

भाव कटाईतच लिहायचा. कुणी तो बागेत ठेवतात. पण त्या बागेत पुन्हा कटाई होईल तेव्हा नवा भाव जुन्याच्या जागी बसेल आणि मागच्या पट्ट्यांच्या रकमा बदलतील. 42 क्विंटल 1,450 रुपयांनी म्हणजे 60,900 रुपये. भाव 1,300 झाला म्हणून तीच जुनी पट्टी 54,600 दाखवू लागली, तर शेतकरी कचेरीत येणारच. ही रक्कम वजन आणि भाव यांच्यावरून निघते, म्हणून ती वेगळी साठवायची नाही.

पट्टीचा चौकोन काढायचा का? कटाईची एकच पट्टी आणि पट्टीही एकाच कटाईची. दोन चौकोन दोन्ही बाजूंनी एकास एक जुळले की ते बहुधा एकच असतात. पट्टी म्हणजे कटाईचीच छापलेली प्रत. पट्टी नंबर कटाईत ॲट्रिब्यूट म्हणून टाकला की काम झालं.

आकडा बसत नाही, तिथे चौकोन हवा

‘माल ट्रकमध्ये भरतो’ हे वर्णनातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. एका फेरीत अनेक कटायांचा माल, एका कटाईचा माल अनेक फेऱ्यांत. दोन्ही बाजूंनी अनेक. कागदावर ही रेघ काढता येते आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात.

खरे आकडे घालून बघू. कटाई क्रमांक 318 निंभोऱ्याच्या बागेतली, वजन 190 क्विंटल. त्यातला 150 क्विंटल माल फेरी 77 मध्ये गेला आणि 40 क्विंटल फेरी 78 मध्ये. फेरी 78 मध्येच चिनावलच्या कटाई 319 चा 95 क्विंटल माल चढला. आता 40 हा आकडा कुठे लिहायचा? कटाई 318 मध्ये लिहिला तर 150 ला जागा नाही. फेरी 78 मध्ये लिहिला तर 95 ला जागा नाही. तो आकडा कटाई आणि फेरी यांच्या जोडीचा आहे, म्हणून त्या जोडीला स्वतःचा चौकोन हवा. त्याचं नाव भराई. तिच्या तीन नोंदी होतील: 318 आणि 77 ची 150, 318 आणि 78 ची 40, 319 आणि 78 ची 95.

दिल्लीहून फोन आला की फेरी 78 मधला काही माल कच्चा निघाला, तर तो कोणाच्या बागेतला असू शकतो हे या तीन ओळींवरून कळतं. भराईचा चौकोन नसेल तर कळायला मार्ग नाही.

अटी: छोटे शब्द वाचायचे

अटी नामांत किंवा क्रियापदांत नसतात, त्या ‘प्रत्येक’, ‘एकच’, ‘अनेक’, ‘फक्त’, ‘किमान’, ‘असू शकतो’, ‘शिवाय नाही’ अशा शब्दांत असतात. तिसऱ्या वाचनात फक्त हेच शब्द गोल करायचे. मराठीत त्यातला सगळ्यात वजनदार म्हणजे शब्दाला चिकटलेला ‘च’. ‘एका कटाईला एक टोळी जाते’ हे साधारण पद्धत सांगणारं वाक्य असू शकतं, पण ‘एकच टोळी’ ही वरची मर्यादा आहे.

प्रत्येक रेघेच्या प्रत्येक टोकाला दोन प्रश्न असतात: जास्तीत जास्त किती, आणि कमीत कमी किती. वर्णनं पहिल्याचं उत्तर बहुधा देतात, दुसऱ्याचं क्वचितच. ‘एका बागेत अनेकदा कटाई होते’ यातून जास्तीत जास्त अनेक हे कळलं. पण आज नोंदवलेल्या बागेत अजून एकही कटाई झालेली नाही, म्हणून कमीत कमी शून्य. उलट दिशेने कटाई कोणत्या तरी एका बागेतली असलीच पाहिजे, म्हणून तिथे नेमकी एक. रेघ नेहमी अशी दोन्ही बाजूंनी, दोन वेगळी वाक्यं करून वाचायची. एकाच वाक्यात उरकायला गेलं की ‘एक’ आणि ‘अनेक’ची टोकं उलटी पडतात, आणि ही चूक फार सहज होते.

‘एका शेतकऱ्याच्या एक किंवा अनेक बागा’ म्हणजे शब्दशः कमीत कमी एक. पण लागवडीआधीच उचल मागायला आलेल्या शेतकऱ्याचं काय? त्याची बाग अजून नोंदलेली नाही. किमान एकची अट घातली तर प्रोग्राम त्याचं नावच घेणार नाही. व्यापाऱ्याला विचारलं तर तो बहुधा सांगेल की अशी उचल चालते, म्हणून इथे शून्य धरू.

‘उचल देतो’ यातून उचलीचा चौकोन निघतो, तारीख आणि रक्कम घेऊन. ‘पट्टीतून कापून घेतो’ ही वजावट कटाईतच एक रक्कम म्हणून लिहिली तर पुरते, कारण शेतकऱ्याची बाकी म्हणजे एकूण उचल वजा एकूण वजावट. व्यापारी जर म्हणाला, ‘कोणत्या उचलीपोटी किती कापले तेही दिसलं पाहिजे’, तर मात्र वजावट भराईसारखीच उचल आणि कटाई यांच्यामधला वेगळा चौकोन होईल.

आतापर्यंतचं सगळं, मजकुरावरून आकृती काढणाऱ्या मर्मेड या साधनात लिहिलं तर असं दिसतं:

```mermaid
erDiagram
    SHETKARI ||--o{ BAG : has
    SHETKARI ||--o{ UCHAL : takes
    BAG ||--o{ KATAI : yields
    TOLI ||--o{ KATAI : cuts
    KATAI ||--|{ BHARAI : split_into
    FERI ||--|{ BHARAI : carries
    VYAPARI ||--o{ FERI : receives
```

दोन उभ्या रेघा म्हणजे नेमका एक, गोल आणि तीन फाटे म्हणजे शून्य किंवा अनेक, उभी रेघ आणि तीन फाटे म्हणजे किमान एक. शेतकरी आणि कटाई यांच्यात थेट रेघ नाही, कारण कटाईवरून बाग आणि बागेवरून शेतकरी आपोआप मिळतो. ती रेघ वेगळी काढली तर एखाद्या दिवशी कटाई एका शेतकऱ्याच्या नावावर आणि तिची बाग दुसऱ्याच्या नावावर, अशी नोंद होऊन बसेल.

आकृतीत न मावणाऱ्या अटी

काही अटींना रेघेवर जागाच नसते. एका कटाईच्या सगळ्या भरायांची बेरीज कटाईच्या वजनाएवढी व्हायला हवी: 150 आणि 40 मिळून 190. ‘त्याच दिवशी’ म्हणजे भराईतल्या फेरीची तारीख आणि कटाईची तारीख एकच हवी. वजावट शेतकऱ्याच्या शिल्लक उचलीपेक्षा आणि त्या पट्टीच्या रकमेपेक्षा जास्त नको. पट्टीच्या रकमेची तुलना कटाईतच होते, पण बाकीच्या अटी एकेका चौकोनात पाहून तपासता येत नाहीत, कारण त्या दोन-तीन चौकोनांतल्या आकड्यांची तुलना करतात. त्यांना आकृतीखाली क्रमांक देऊन पूर्ण वाक्यांत लिहायचं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्या डेटाबेस आपोआप चालवतो अशा ट्रिगरमध्ये किंवा नोंद जतन करणाऱ्या कोडमध्ये घालायच्या.

बेरजेची अट घालताना तपासणी केव्हा होणार तेही लिहावं. 150 ची पहिली भराई नोंदवताना बेरीज 190 होणारच नाही. प्रत्येक भराईला तपासणी लावली तर पहिलीच नोंद अडेल. म्हणून दिवसभर ‘190 पेक्षा जास्त नको’ एवढंच बघायचं आणि ‘बरोबर 190’ हे दिवसाचा हिशेब बंद करताना. कटाईला किमान एक भराई हवी, ही वरच्या आकृतीतली अटही तशीच: सकाळी काट्यावर वजन झालेल्या कटाईची नोंद करताना गाडी अजून लागलेलीच नसते, म्हणून ती अट दिवस बंद होताना तपासायची, नोंद करताना नाही.